"पंच्याहत्तर टक्के" शेडनेट आणि किराणा दुकानाचा काटा

आमची गॅलरी पश्चिमेला. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की दुपारी दोननंतर तिथं पाय ठेववत नाही. गुलाब, मोगरा, मिरची मिळून चौदा कुंड्या आहेत. म्हणून मार्चअखेरीस तालुक्याच्या आठवडी बाजारातून हिरवी शेडनेट आणली, 3 बाय 5 मीटरची.

विकणारा म्हणाला, "पंच्याहत्तर टक्के ऊन अडवते भाऊ, शंभर जीएसएम. पाच साल काही होत नाही. अन् हे लावली का पाणी कवाबी मारा, झाडाले फरक पडत नाही."

मी ऐकलं. बिल मागितलं नाही, ही माझी चूक.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात गुलाबाच्या पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरीत झाल्या. आधी दोष पाण्यातच निघाला. दुपारी पानं माना टाकायची, की मी गच्चीवरच्या काळ्या टाकीचा पाइप सोडायचो. एक दिवस त्या पाण्याखाली हात धरला तर चटका बसला! तेच मी रोज मुळांवर ओतत होतो. आता पहाटे सहाच्या आत पाणी घालतो. दुपारी पानं मलूल दिसली तर बोट दोन पेरं मातीत घालून बघतो. ओल लागली तर हात लावत नाही, रात्रीपर्यंत ती आपोआप उभी राहतात. सकाळीही वाकलेलीच असली आणि माती कोरडी लागली तर मात्र झाड खरंच तहानलेलं असतं.

पाण्याची वेळ बदलूनही करपणं पुरतं थांबेना, तेव्हा जाळीवर संशय आला. 15 चौरस मीटर जाळी शंभर जीएसएमची, म्हणजे चौरस मीटरला शंभर ग्रॅम, तर वजन दीड किलो भरायला हवं. किराणा दुकानाच्या काट्यावर भरलं 710 ग्रॅम. दुकानदार हसला, म्हणाला, "अर्धीच दिली की तुले."

मग फोनवर उजेड मोजायचं अ‍ॅप घेतलं. भर दुपारी उघड्यावर 90,000 लक्स, जाळीखाली 62,000. फोनचा आकडा अचूक नसतो, पण दोन्ही वेळा फोन तसाच आडवा धरला तर तुलना चालते. म्हणजे जाळी अडवत होती जेमतेम 31 टक्के ऊन. ऊन सोसण्यातही कच्चीच निघाली: मेअखेरीस पश्चिमेच्या कडेचे धागे नखानं तुटायला लागले.

विकणारा पुन्हा त्या बाजारात दिसला नाही. शेवटी जाळी दुहेरी केली. पहिल्या थरातून 69 टक्के ऊन येतं, त्याच्या 69 टक्के दुसऱ्यातून, म्हणजे साधारण 48. फुलझाडांना निम्मी सावली पुरते, तेव्हा पंच्याहत्तरची गरज नव्हतीच. पण दुहेरी जाळीत अर्धीच गॅलरी झाकली गेली. आठ कुंड्या तिच्याखाली मावल्या; सहा पूर्वेच्या ओसरीत नेल्या. त्यांतला एक गुलाब गेलाच.

नवी जाळी घेताना काटा समोर ठेवूनच घेतली. हा दुकानदार जरा वैतागला, पण त्यानं बिलावर टक्के आणि वजन दोन्ही लिहून दिलं.