आगटीभोवती आपली खेचली जाते तेव्हा: वाढवायचं, टोला द्यायचा की थांबवायचं?

जानेवारीत सोलापूरच्या आसपास हुरड्याची आमंत्रणं सुरू झाली की मला एक ठरलेला फोन येतो. संगीताच्या रात्रीपासून निवृत्तीच्या कार्यक्रमापर्यंत मी निवेदन करतो, त्यामुळे लोकांना वाटतं याच्या खिशात उत्तरं तयारच असतात. यंदाचा फोन असा होता: ‘सर, शाळेच्या बॅचचा हुरडा आहे. आमच्यातला एक जण माइक घेऊन माझी खेचणार, नक्की. हसायचं का उलटं बोलायचं?’

उत्तर देताना मला दोन वर्षांपूर्वीचा एक हुरडा आठवत होता. अक्कलकोट रोडच्या पुढे एका मित्राचं शेत, चाळीसेक जण, आगटीत पेटलेल्या गोवऱ्या, आणि एकाच्या हातात ब्लूटूथचा माइक. माझ्या एका मित्राचे यंत्रमाग त्याआधी वर्षभरापासून बंद पडले होते. त्या संध्याकाळी त्याच्यावर तीन विनोद झाले आणि त्यानं तिन्हींना तीन वेगळ्या रीतीनं तोंड दिलं. माणूस तोच, गर्दी तीच, म्हणून तुलनेला याहून बरं उदाहरण माझ्याकडे नाही.

पहिला विनोद: ‘याच्या कारखान्यात सध्या फक्त कोळीच विणतात बे!’ हशा पिकला. मित्रानं लगेच तोंड उघडलं नाही. तळहातावर गरम हुरडा चोळत होता, त्यावरचा फोलपटा फुंकून टाकला, हशा अर्धा खाली येऊ दिला आणि म्हणाला, ‘तेही आता दिवाळीला बोनस मागायला लागलेत की.’

पहिल्या हशापेक्षा हा मोठा झाला. कारण शोधायला फार लांब जायला नको. माग बंद पडलेत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि ते बोलावं की नाही असं अवघडलेपण सगळ्यांच्याच मनात होतं. यानं ती गोष्ट नाकारली नाही, तिची कारणंही सांगितली नाहीत, उलट माइकवाल्याचीच कल्पना उचलून एक पाऊल पुढे नेली. आपल्याकडे ही जुनी विद्या आहे. तमाशातला सोंगाड्या स्वतःच्या फजितीतून हशा काढतो, तरी बोर्डावर हुकूम त्याचाच चालतो.

इथे वेळेचं महत्त्व शब्दांइतकंच आहे. विनोद झाला की लोक आधी बोलणाऱ्याकडे पाहत नाहीत, ज्याच्यावर झाला त्याच्याकडे पाहतात. हसायला हरकत नाही ना, हे त्याच्या चेहऱ्यावर शोधत असतात. त्या दोन सेकंदांत चेहरा पडला तर पुढचं कितीही चमकदार वाक्य रडकं वाटतं. आणि हशा चालू असताना बोललात तर वाक्य कुणाला ऐकूच जात नाही. मग ते दुसऱ्यांदा म्हणावं लागतं, आणि दुसऱ्यांदा म्हटलेला विनोद म्हणजे गार झालेला हुरडा.

या रीतीची खोट मात्र नीट बघून घ्या. त्याच जागी मित्र म्हणाला असता, ‘हो रे, आपलं नशीबच फुटकं,’ तरीही लोक हसले असते, पण ते हसणं वेगळं. विनोदाच्या मानसशास्त्रात रॉड मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये चार शैली वेगळ्या काढल्या. त्यांत अडचणीकडे गमतीनं बघून स्वतःला उभं ठेवणारा विनोद एका खणात आहे आणि लोकांना खूश करायला स्वतःलाच पायदळी देणारा दुसऱ्या. ऐकायला दोन्ही ‘स्वतःवर हसणं’च. ओळखायची माझी खूण साधी आहे. वाक्यात नवी कल्पना असेल (कोळी, बोनस) तर तुम्ही विनोद केलात, नुसती कबुली असेल तर तुम्ही मान खाली घातलीत. शिवाय एका संध्याकाळी एकदाच, फार तर दोनदा. तिसऱ्यांदा लोक तुमच्याकडून तीच अपेक्षा धरतात, आणि पुढच्या हुरड्याला सुरुवातच तिथून होते.

दुसरा विनोद दहा मिनिटांनी आला. मित्राची चारचाकी विकली गेली होती. माइकवाला म्हणाला, ‘आधी हा आपल्याला लिफ्ट द्यायचा, आता मागत येतो.’ खरं तर हा पहिल्याइतका चांगला नव्हताच. पण मित्र एव्हाना रंगात आला होता. तो म्हणाला, ‘येतो बे, पण तू नेलेल्या सहा चादरींचे पैसे कधी देतोस, तेवढं सांग.’

यावर जो आवाज उठला त्यात हसू होतं आणि एक लांबलचक ‘ओऽऽ’सुद्धा. हा ‘ओऽऽ’ मी कार्यक्रमात फार ओळखून असतो. त्याचा अर्थ लोकांना आता विनोद नको आहे, कुस्ती बघायची आहे. माइकवाल्याचे कान लाल झाले. उधारी खरी होती आणि ती चाळीस जणांपैकी दोघातिघांनाच माहीत होती.

टोला चुकला असं मी म्हणणार नाही. चुकलं ते वजन. माइकवाल्यानं सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट काढली होती, मित्रानं झाकलेली काढली. उलट टोला शोभायचा तर तो समोरच्यानं टाकलेल्या विनोदाहून थोडा हलका हवा, आणि त्याच्या बोलण्यावर किंवा माइक धरायच्या हौसेवर असावा, त्याच्या पैशावर किंवा घरावर नको. ‘लिफ्ट मागतो म्हणूनच तर तुझे विनोद ऐकावे लागतात’ एवढं पुरलं असतं. सोलापूर चादरींचं गाव, शालजोडीतले द्यायला आपल्याला कुणी शिकवायला नको, पण शाल मात्र वर दिसली पाहिजे.

आणखी एक गोष्ट टोला निवडण्याआधी लक्षात घ्यावी. कलगी-तुऱ्यात सवाल आला की जबाब अपेक्षितच असतो. दोन्ही बाजू तयारीनं बसलेल्या असतात. अमेरिकेतल्या रोस्टच्या कार्यक्रमातही ज्याला भाजतात तो स्वतः होकार देऊन बसतो आणि शेवटची पाळी त्याचीच असते. सगळ्यांची उणीदुणी काढून तो खाली उतरतो. आपल्या हुरड्यात, गॅदरिंगमध्ये किंवा हळदीत असा नियम नाही. माइक एकाकडे, त्यामुळे तुमच्या टोल्यानंतर पुन्हा बोलायची संधी त्यालाच. तुम्ही त्याला दुखावलंत तर पुढचा विनोद कुठून येणार हे तुमच्या हातात राहत नाही.

झालंही तसंच. तिसरा विनोद माइकवाल्यानं हरलेली बाजू सावरायला केला, आणि तो मित्राच्या बायकोवर गेला. वहिनी डबे करून देतात, त्यावरून ‘बायकोच्या डब्यावर जगणारा’ अशा अर्थाचं काहीतरी. पूर्ण वाक्य मी इथे देत नाही. हसणारे चारपाच जणच निघाले, बाकीचे आगटीकडे बघू लागले.

मित्रानं चेहरा फिरवला नाही. आवाज चढवण्याऐवजी खाली आणला, त्याला शाळेतल्या नावानं हाक मारली आणि म्हणाला, ‘माझ्यावर बोल, रात्रभर बोल. घरच्यांवर नको.’ लगेच शेजारच्याला म्हणाला, ‘आगटी विझायला आलीये बघ, चार गोवऱ्या सरकव, आणि चटणी इकडे दे.’

या तिसऱ्या रीतीत लोक अर्धंच काम करतात. थांबवतात, आणि मग सगळे अवघडून गप्प बसतात. ती शांतता फार वेळ टिकली की गर्दी तिचा दोष थांबवणाऱ्यावर टाकते, ‘एवढं काय मनाला लावून घ्यायचं’ म्हणून. गोवऱ्या आणि शेंगाचटणी हे त्यावरचं उत्तर होतं. लोकांच्या हाताला काम मिळालं, नजर हलली, आणि माइकवाल्यालाही माफीबिफी न मागता त्यातून बाहेर पडायला वाट मिळाली. त्यानं ती घेतली. माइक खाली ठेवून तोच गोवऱ्या आणायला उठला.

हीच रेघ चुकीच्या तऱ्हेनं ओढली की काय होतं ते 27 मार्च 2022 च्या ऑस्कर सोहळ्यात जगानं पाहिलं. विल स्मिथच्या पत्नीचे केस आजारानं गेलेले, आणि क्रिस रॉकनं तिच्या भादरलेल्या डोक्यावर विनोद केला. घरच्यांवर नको, हे म्हणायचा स्मिथला पूर्ण हक्क होता. पण तो मंचावर गेला आणि थोबाडीत मारली. त्याच रात्री त्याला उत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला, तरी पुढे ऑस्करच्या कार्यक्रमांना यायला त्याला दहा वर्षांची बंदी झाली, आणि विनोद कसा होता ही चर्चा मागे पडून चपराकच लक्षात राहिली. मला त्यात जास्त शिकण्यासारखा वाटतो तो रॉक. विनोद त्याचा वाईटच होता, पण भर सभेत मार खाऊन तो जागेवर उभा राहिला आणि हातातला पुरस्कार जाहीर करून मगच गेला.

मग निवडायचं काय? विनोद तुमच्या एखाद्या उघड गोष्टीवर असेल, म्हणजे टक्कल, पोट, बुडालेला धंदा, तर मी डोळे झाकून पहिली रीत घेईन. टोला फक्त बरोबरीच्या माणसाला, आणि तोही समोरच्याला परत हसता येईल असा सुचला तरच. नाही सुचला तर घाईत बनवू नका. ऑफिसच्या निरोपसमारंभात साहेबांनी खेचली तर टोला विसराच. तुम्ही बरोबर असलात तरी उद्या सकाळी टेबलं तीच असतात. आणि घरचे, जात, आजार, मुलींची लग्नं इथवर गोष्ट गेली की पहिल्यांदाच थांबवा. तिथे एकदा हसलात की तुमची परवानगी धरली जाते.

हल्ली कुणीतरी मोबाइलवर शूट करत असतंच, त्याचाही हिशेब धरा. ग्रुपवर फिरते ती वीस सेकंदांची क्लिप. त्यात आधीचा विनोद बहुधा कापलेला असतो आणि तुमचा टोला तेवढा राहतो, जणू तुम्हीच सुरुवात केलीत. कोळ्यांच्या बोनसचं वाक्य मात्र कुठूनही कापलं तरी बिघडत नाही.

फोनवाल्याला मी सांगितलं की आदल्या दिवशी माइकवाल्याला स्वतः फोन कर. ‘माझी खेच, पण वडिलांच्या दवाखान्याचं काढू नको’ एवढं बोल. मागून तक्रार करण्यापेक्षा हे सोपं जातं, आणि बहुतेक जण ऐकतात. तो म्हणाला, ‘आणि ऐकलंच नाही तर?’

मी म्हटलं, आगटीपाशी त्याच्या शेजारीच बस, हाताच्या अंतरावर. मागं खुर्चीत बसलास तर तेच वाक्य ओरडून म्हणावं लागेल.