त्यू की वू: एकच निरोप, तिघांना

फ्रेंचमध्ये त्यू म्हणजे तू आणि वू म्हणजे तुम्ही. ऑफिसातला निरोप एवढाच, की शुक्रवारपर्यंत अहवाल पाठवा. संचालकांना 'पुरिए-वू म त्रान्समेत्र ल रापोर?' लिहायचं, म्हणजे 'पाठवू शकाल का'. बरोबरीच्या सहकाऱ्याला 'त्यू प मान्व्वाये ल रापोर?' पुरतं, भारदस्त त्रान्समेत्र जाऊन रोजचं आन्व्वाये येतं.

आपण अडतो ते इंटर्नपाशी. वयाने लहान, म्हणून मराठी सवयीने सरळ त्यू लिहून मोकळे होतो. पण फ्रेंच ऑफिसात त्यू दोन्ही बाजूंनी असावा लागतो. तो वू म्हणत असताना तुमचा त्यू दरडावल्यासारखा वाटतो. म्हणून मी 'पुव्हे-वू', म्हणजे 'शकता का', असं लिहिते आणि वेळही नेमकी देते: 'व्हांद्रदी आव्हां मिदी', शुक्रवारी दुपारी 12च्या आत. सगळं ऑफिसच त्यूवर असेल, तर मात्र त्यालाही त्यूच. एकट्याला वू म्हटलं तर तो परका पडतो.