गृहकर्जात ५ लाख एकरकमी भरताय? मुदत कमी करायची की हप्ता?

बोनस आला, एखादी ठेव मोडली किंवा गावाकडची जमीन विकली, की गृहकर्जात एकरकमी भर टाकायचा विचार सुरू होतो. पैसे भरायला गेलं की बँक विचारते, "हप्ता तोच ठेवून मुदत कमी करू, की मुदत तीच ठेवून हप्ता कमी करू?" हा प्रश्न घाईत सोडवण्यासारखा नाही, म्हणून एक उदाहरण पूर्ण करून पाहू.

कर्ज ४० लाखांचं, व्याजदर ८.५ टक्के, मुदत २० वर्षं. हप्ता बसतो ३४,७१३ रुपये. व्याज घटत्या शिल्लकेवर, म्हणजे दर महिन्याला जेवढं मुद्दल बाकी असेल तेवढ्यावरच लागतं. पहिल्या हप्त्यात २८,३३३ रुपये व्याजात जातात आणि मुद्दल फक्त ६,३८० रुपयांनी कमी होतं. तीन वर्षांत साधारण साडेबारा लाख भरून झाले तरी बाकी उरते ३७,३९,४४० रुपये. लोक इथेच हबकतात, पण हिशेबात चूक नसते.

आता ५ लाख भरले. बाकी झाली ३२,३९,४४०. पुढच्या महिन्याचं व्याज २६,४८८ वरून २२,९४६ रुपयांवर येतं. हप्ता तोच ठेवला, तर त्यातले ८,२२५ ऐवजी ११,७६७ रुपये मुद्दलात जातात. मग त्याच्या पुढच्या महिन्यात व्याज आणखी थोडं कमी, मुद्दलात आणखी थोडं जास्त. ही साखळी शेवटच्या हप्त्यापर्यंत चालते.

| | काहीच न भरता | हप्ता तोच, मुदत कमी | मुदत तीच, हप्ता कमी |
|---|---|---|---|
| मासिक हप्ता (रु.) | ३४,७१३ | ३४,७१३ | ३०,०७१ |
| उरलेले हप्ते | २०४ | १५४ | २०४ |
| यापुढचं व्याज (सुमारे) | ३३.४२ लाख | २०.८१ लाख | २८.९५ लाख |
| वाचलेलं व्याज (सुमारे) | – | १२.६१ लाख | ४.४७ लाख |

मुदत कमी केली तर चार वर्षं दोन महिने आधी कर्ज संपतं आणि व्याजही जवळपास तिप्पट वाचतं. हे आकडे खरे आहेत, पण त्यांचा अर्थ नीट लावायला हवा. ५ लाखांनी दोन्हीकडे सारखंच काम केलं, ८.५ टक्क्यांचं व्याज थांबवलं. वरचा ८ लाखांचा फरक पडतो तो दरमहा तुम्ही भरत राहिलेल्या ४,६४२ रुपयांमुळे. हप्ता कमी करून घेतला आणि हेच ४,६४२ दर महिन्याला स्वतःहून मुद्दलात भरत राहिलात, तर कर्ज तितक्याच महिन्यांत संपेल. मात्र काही बँकांनी अशा भरण्याला किमान रक्कम ठरवलेली असते, ती आधी विचारा.

म्हणून निवड करताना स्वतःला विचारायचं, ते ४,६४२ रुपये घरात राहिले तर त्यांचं काय होईल? पगार स्थिर असेल आणि हाताशी सहा महिन्यांचा खर्च बाजूला असेल, तर माझं स्पष्ट मत मुदत कमी करण्याकडे आहे. शिल्लक राहिलेला पैसा बहुतेक घरांत खर्चातच मिसळून जातो. पण घरात कमावणारं एकच माणूस असेल, उत्पन्न धंद्याचं असेल किंवा मुलांच्या फीचा डोंगर समोर असेल, तर हप्ता कमी करून घ्यावा. अडचणीच्या महिन्यात कमी हप्ता हाच आधार असतो, आणि सवड असेल तेव्हा जास्त भरायला कुणी अडवत नाही. फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर बँकांना मुदतपूर्व फेडीचा दंड लावायला रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच मनाई केली आहे. फिक्स्ड दराचं कर्ज असेल तर मात्र करारातलं कलम वाचूनच पैसे भरा.

वेळेचा परिणामही मोठा आहे. हेच ५ लाख तीन वर्षांनी न भरता दहा वर्षांनी भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर ५० ऐवजी ३० हप्ते कमी होतात आणि व्याज १२.६१ ऐवजी सुमारे साडेपाच लाख वाचतं. भरायचं ठरलंच असेल तर उगाच लांबवू नका.

पैसे भरताना अर्जात 'मुद्दलात जमा' असं स्पष्ट लिहा, आणि मुदत की हप्ता हेही लिहून द्या. कधी कधी रक्कम आगाऊ हप्ते म्हणून धरली जाते. ते ओळखायचं कर्जाच्या खातेउताऱ्यावरून: भरल्या तारखेला मुद्दलाची बाकी बरोबर ५ लाखांनी उतरलेली दिसली पाहिजे. तशी दिसली नाही तर पुढचा हप्ता कापला जायच्या आत शाखेत लेखी तक्रार द्या. दिसली, तर हप्त्यांचं नवं वेळापत्रक मागून घ्या आणि मुदत कमी केली असेल तर शेवटच्या हप्त्याची तारीख अलीकडे आली का, आणि हप्ता कमी केला असेल तर तारीख तीच राहून हप्ता उतरला का ते पाहा.