पहाटेच्या धारेसाठी बॅटरी की बर्फ?

गोठ्यावर सोलर बसवताना खरी अडचण वेळेची असते. धार पहाटे पाचला आणि संध्याकाळी, ऊन मात्र दहा ते चार. हे अंतर भरायला दोन वाटा आहेत: मोठी बॅटरी आणि नेहमीचा बल्क कूलर, किंवा दिवसा बर्फ जमवून ठेवणारा आइस बँक चिलर. मी दोन्ही वापरले आहेत.

माझं दूध दोन्ही वेळचं मिळून 600 लिटर. ते 36 अंशांवरून 4 अंशांवर आणायला बल्क कूलर साधारण 8 युनिट खातो. मिल्किंग मशीनचा 2 एचपीचा व्हॅक्यूम पंप दोन वेळा दीड-दीड तास चालतो, त्याचे साडेचार. म्हणजे रोज साडेबारा युनिट, आणि जवळजवळ सगळे बॅटरीतूनच. त्यामुळे 16 युनिटची बॅटरी आणि 4 किलोवॅटची पॅनेल बसवली. हिशोब चुकला नव्हता.

चुकला तो पहाटेचा अंदाज. बॅटरी सर्वांत उतरलेली असते ती नेमकी पाचला. व्हॅक्यूम पंप चालू, चार गायींना मशीन लावलेलं, आणि तेवढ्यात कूलरचा कॉम्प्रेसर उठला. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. इन्व्हर्टर ट्रिप झाला, व्हॅक्यूम गेला आणि सडांवरचे कप एकामागून एक खाली शेणात पडले. बिचकलेल्या गाईने पुढे पान्हा नीट सोडला नाही. सॉफ्ट स्टार्टर बसवल्यावर ट्रिप होणं कमी झालं, पण ढगाळ दिवसानंतरची पहाट धाकातच जायची.

आता कॉम्प्रेसर फक्त उन्हात चालतो. 600 लिटरला हिशोबाने 230 किलो बर्फ लागतो. मी 260 धरतो, कारण रात्रभरात थोडा वितळतोच. धारेच्या वेळी फक्त बर्फाच्या पाण्याचा छोटा पंप आणि व्हॅक्यूम पंप चालतात. त्यांना 7 युनिटची बॅटरी पुरते.

बर्फ जमवायला वीज जास्त लागते, हे मान्य. कॉम्प्रेसरला शून्याखाली उतरावं लागतं, म्हणून 8 ऐवजी सुमारे 12 युनिट जातात आणि पॅनेल 5 किलोवॅटची घ्यावी लागली. शिवाय बर्फाची जाडी मोजणाऱ्या सेन्सरवर लक्ष हवं. नळ्यांवरचे थर एकमेकांना चिकटले की मधून पाणी फिरत नाही. टाकीत बर्फ भरपूर दिसतो, तरी दूध 8-10 अंशांवरच अडतं.

शंभरएक लिटर दूध असेल आणि पहाटे लाइन हमखास असेल, तर बॅटरीचा मार्ग कदाचित सोपा पडेल. त्याहून मोठ्या गोठ्याला मी बर्फच सुचवेन. मात्र सलग ढग राहिले तर कॉम्प्रेसर रात्री लाइनवर चालवता येईल असा चेंजओव्हर आधीच बसवून घ्या.