भाड्याचा फ्लॅट, पोहोच रस्ता आणि उपग्रह चित्रे : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

फेब्रुवारी 2024 मध्ये माझी बदली नागपूरहून पुण्याला झाली आणि हिंजवडीला जाता येईल अशा अंतरावर, सूस-म्हाळुंगेच्या बाजूला भाड्याचा फ्लॅट शोधणे आले. दर आठवड्याला सातशे किलोमीटर प्रवास करून घरे पाहणे शक्य नव्हते, म्हणून प्रत्यक्ष भेटीआधीची चाळणी मी संगणकावरच्या गूगल अर्थ प्रो या मोफत कार्यक्रमावर आणि गूगल नकाशाच्या स्ट्रीट व्ह्यूवर केली. आता एक पावसाळा त्याच घरात काढून झाला आहे, तेव्हा या चित्रांनी काय बरोबर सांगितले आणि मी कुठे फसलो, हे लिहिण्याइतका अनुभव गाठीशी आहे.

पहिली अडचण चित्रांची नसून पत्त्याची होती. एजंटने पाठवलेले लोकेशन त्याच्या स्वतःच्या कार्यालयाचे निघाले. मग जाहिरातीतला बाल्कनीचा फोटो घेतला. त्यात खाली शेजारच्या सोसायटीचा मूत्रपिंडाच्या आकाराचा तरणतलाव आणि त्यामागे निळ्या पत्र्याची लांब शेड दिसत होती. या दोन खुणा वरून शोधायला दहा मिनिटे लागली आणि इमारत सापडली. ‘मुख्य रस्त्यापासून दोन मिनिटे’ असे जाहिरातीत म्हटले होते. सरळ रेषेत अंतर 310 मीटर भरले, पण मोजपट्टीतील ‘Path’ निवडून प्रत्यक्ष रस्त्यावर एकेक बिंदू देत गेल्यावर तेच 740 मीटर झाले. चालणाऱ्याला दहा मिनिटे तरी लागतील.

खरा उपयोग झाला तो जुन्या चित्रांचा. गूगल अर्थ प्रोमध्ये वरच्या पट्टीवर घड्याळाचे चिन्ह आहे; ते दाबले की त्याच जागेची मागील वर्षांतली चित्रे एकामागून एक पाहता येतात. या इमारतीकडे जाणाऱ्या रस्त्याचा शेवटचा सुमारे 180 मीटरचा तुकडा मला खटकत होता, कारण तो शेजारच्या प्लॉटच्या हद्दीने न जाता प्लॉटमधून तिरका जात होता. 2015 च्या चित्रात तिथे बांध घातलेले शेत होते. 2018 मध्ये त्यातून चाकांच्या दोन रेषा उमटलेल्या दिसल्या, 2021 मध्ये इमारतीचा पाया खणला होता आणि मालाचे ट्रक याच रेषांवरून जात असावेत, कारण त्या रुंद व पांढरट झाल्या होत्या. 2023 च्या चित्रात त्यावर खडी पडली होती, पण त्याच वेळी प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत दगडी कुंपणाची सुरुवातही झालेली होती. म्हणजे जाहिरातीत ज्याला रस्ता म्हटले होते, ती कोणाची तरी मोकळी जमीन होती आणि मालक ती बंद करायच्या बेतात होता. एजंटला विचारले तर तो म्हणाला, “अहो साहेब, डीपी रोड मंजूर आहे, काम होईलच.” विकास आराखड्यातल्या या मंजूर रस्त्याच्या आखणीत मध्ये एक ओढा येत होता आणि त्यावर पुलाचा मागमूस नव्हता. मी नकार कळवला. मे महिन्यात कुतूहल म्हणून तिकडे गेलो, तेव्हा त्या प्लॉटला पत्रे लागले होते आणि दुचाकी जेमतेम निघेल एवढी फट उरली होती.

अर्थात, हे ताडून पाहताना एक सावधगिरी बाळगावी लागते. वेगवेगळ्या वर्षांची चित्रे एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत, काही मीटर सरकलेली असतात. त्यामुळे ‘कुंपण रस्त्यात आले’ असे ठरवण्याआधी शेजारची जुनी विहीर किंवा घराचा कोपराही तितकाच सरकला आहे का, ते पाहावे.

दुसरे घर, म्हणजे जिथे आम्ही आता राहतो ते, याच पद्धतीने तपासले. इथला रस्ता 2012 पासून त्याच जागी होता, ही मोठी जमेची बाजू. रुंदीची मात्र काळजी होती, कारण सामानाचा टेम्पो गेटपर्यंत जायला हवा होता. मोजपट्टी कितपत खरी आहे हे आधी सोसायटीच्या टेनिस कोर्टवर पाहिले: कोर्टची लांबी 23.77 मीटर असते, मला 24.1 मिळाली. रस्ता दोन भिंतींच्या बुडांमध्ये मोजला, भिंतींच्या माथ्यांमध्ये नाही, कारण चित्र तिरके घेतलेले असले तर उंच गोष्टी एका बाजूला कललेल्या दिसतात. 3.8 मीटर आले. राहायला आल्यावर फीत लावून पाहिले तर 4.1 निघाले. टेम्पो आत गेला, पण समोरून रिक्षा आली की एकाला मागे जावे लागते, हे चित्रावर मोजतानाच कळले होते.

चढाचा अंदाज मात्र अर्धवट ठरला. रस्त्याची रेषा जतन करून ‘Show Elevation Profile’ उघडले की चढ-उतार दिसतात. 150 मीटरमध्ये 9 मीटर चढ, म्हणजे सहा टक्के, असे उत्तर आले. सरासरी बरोबर होती, पण ही उंचीची माहिती ढोबळ असल्याने गेटजवळचा वीस-पंचवीस मीटरचा खडा चढ त्यात सपाट होऊन गेला होता. पावसात स्कूटर तिथेच घसरते.

आता माझी चूक. पुणे परिसराची जून ते सप्टेंबरमधली स्पष्ट चित्रे ढगांमुळे क्वचितच मिळतात, तेव्हा पाणी कुठे साचते हे थेट दिसत नाही. आडून ओळखावे लागते. मे महिन्याच्या चित्रात सगळीकडे तपकिरी असताना जो पट्टा हिरवा राहतो, तिथे जमिनीत ओल टिकून असते. आमच्या रस्त्याला असा एक पट्टा छेदून जात होता. स्ट्रीट व्ह्यूमध्ये त्या ठिकाणी कठडा नसलेली मोरी होती आणि बाजूच्या तारेच्या कुंपणात गुडघ्याएवढ्या उंचीवर प्लॅस्टिकच्या चिंध्या एका रांगेत अडकल्या होत्या. मी म्हटले, वाऱ्याने उडून आल्या असतील. वाऱ्याने आलेला कचरा वर-खाली कुठेही अडकतो. एकाच उंचीवर रांगेत अडकलेला कचरा पाण्याने सोडलेला असतो, हे जुलैमध्ये समजले. दोनदा मोरीवरून पाणी गेले आणि प्रत्येक वेळी दोन-अडीच तास रस्ता बंद राहिला. पत्नी एकदा पलीकडच्या दुकानाच्या पायरीवर बसून होती आणि तिने फोनवर एवढेच विचारले, “हे तुमच्या चित्रात नव्हतं का?” होते, हेच तर दुःख.

स्ट्रीट व्ह्यूची तारीखही पाहायला हवी. ती कोपऱ्यात ‘Image capture’ या शब्दांपुढे असते. भारतात ही सेवा जुलै 2022 मध्ये पुण्यासह दहा शहरांत नव्याने सुरू झाली, त्यामुळे त्याआधीचा रस्ता फारसा पाहायला मिळत नाही, आणि स्ट्रीट व्ह्यू कुठवर आहे हे नकाशावर दाखवणारी निळी रेषा गल्लीत अर्ध्यावरच थांबत असेल तर पुढचे काहीच कळत नाही. आमच्या मागच्या बाजूचा काँक्रीट मिसळण्याचा कारखाना स्ट्रीट व्ह्यूमध्ये नव्हता, उपग्रहाच्या नव्या चित्रात मात्र उभ्या सायलोंच्या लांब सावल्या आणि भोवतालची राखाडी जमीन स्पष्ट होती. रात्री मिक्सर ट्रक येणार हे गृहीत धरूनच आम्ही बेडरूम दुसऱ्या बाजूची निवडली. मागचे फाटक रात्री दहाला कुलूपबंद होते, ही गोष्ट मात्र दोन्ही चित्रांत नव्हती. ती वॉचमनने सांगितली.

करार अकरा महिन्यांचा आहे, जानेवारीत संपेल. मालकांनी मुदत वाढवायची तयारी दाखवली आहे. मी मोरीखाली दुसरा पाइप पडतो का, याची वाट पाहतो आहे.