डिस्कॅल्क्युलिया की गणिताची धास्ती?

म्हापशातील चौथीच्या दोन मुलांना ७ आणि ९ यांतील मोठी संख्या कोणती, हे घड्याळ न लावता, गुण न देता विचारले, तर नुसते धास्तावलेले मूल बहुधा चटकन उत्तर देते. कारण भीती प्रामुख्याने हातचा लक्षात ठेवणारी तात्पुरती स्मृती अडवते आणि दडपण सरताच ती मोकळी होते. डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे संख्या समजण्यातलीच मूळ अडचण, असलेले मूल मात्र निवांत असतानाही अनेकदा रेंगाळते, बोटे मोजते. मेंदूच्या पराएटल भागातील इंट्रापराएटल सल्कस ही खाच संख्येचे आकारमान हाताळते, आणि तिथली प्रक्रियाच अशा मुलांत सरासरीने वेगळी आढळते. अर्थात, केवळ स्कॅनवरून एखाद्या मुलाचे निदान होत नाही. शिवाय वर्षानुवर्षे चुकणाऱ्या मुलाला धास्तीही जडते. म्हणून भीती उतरल्यावर कोणती अडचण उरते, तेच माझ्या मते आधी तपासावे.