बिलाच्या भांडणाची मेल साखळी: तारीखवार यादी करायची की मुद्देवार तक्ता?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या मशीन शॉपचं अकाउंट मी बघतो, आणि गेल्या वर्षी एका बिलाच्या वादात 43 मेल वाचून त्याचा सारांश दोनदा करावा लागला, एकदा तारीखवार आणि एकदा मुद्देवार. तुमच्याकडे पण असं एखादं अडकलेलं बिल असेल आणि मालक म्हणत असतील की सगळं एका पानावर काढून दे, तर आधी हे वाचा, कारण दोन्ही पद्धतीत वेळ सारखा जात नाही आणि हातात येतं ते पण सारखं नसतं.

आमचं प्रकरण असं. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाला 400 हाउसिंग मशीनिंग करून दिली, 650 रुपये पीस, म्हणजे 2,60,000 आणि वर 18 टक्के आयजीएसटी 46,800, एकूण 3,06,800. माल 6 मेला पोचला. त्यांचं म्हणणं 60 पीसचा बोर, म्हणजे आतलं भोक, मोठा आहे, 52 एच7 पाहिजे होता म्हणजे जास्तीत जास्त 52.03 मिमी, आणि त्यांना 52.05 मिळाला. आमचं म्हणणं, आमच्या रिपोर्टमध्ये सगळे पीस बसतात. जूनअखेर त्यांनी 2 लाख भरले आणि बाकीचं थांबवलं.

पहिल्यांदा मी तारीखवार यादी केली. सगळ्यात जुन्या मेलपासून सुरू करायचं, एका मेलला एक ओळ, तारीख, कुणी, काय म्हणाला. दीड तासात झालं. लहान वादाला हे बरं आहे, दहा-पंधरा मेल असतील आणि भांडण एकाच गोष्टीचं असेल तर याच्या पुढं जायची गरजच नाही, आमच्या मालकांना, अण्णांना, फोनवर बोलायच्या आधी नजर टाकायला पुरतं.

पण आमच्या यादीत एक ओळ अशी होती: "16 मे, गिऱ्हाइकाने बोरची तक्रार केली." मूळ मेल उघडून बघितला तर त्यात होतं, काही पीसचा बोर जास्त वाटतोय, क्वालिटी चेक करतेय, कळवतो. किती पीस, कुठल्या मापानं, काहीच नाही. ही तक्रार म्हणायची की नुसतं "बघायलोय" म्हणायचं? खरी हरकत, 60 पीस रिजेक्ट असं लिहिलेली, 2 जूनला आली, म्हणजे माल पोचल्यावर 27 दिवसांनी. आता उद्यम नोंदणी असलेल्या लहान सप्लायरला हा फरक पैशाचा आहे, कारण एमएसएमई कायद्यात लेखी हरकत 15 दिवसांच्या आत आली नाही तर माल पोचला त्याच दिवशी तो स्वीकारला असं धरतात आणि पेमेंटची मुदत तिथून मोजतात, करारात काहीही लिहिलं तरी 45 दिवसांच्या वर नाही. आमच्या हिशोबात ती मुदत 20 जूनला संपली. रिजेक्शनचा त्यांचा दावा त्यामुळं मरत नाही, ते वेगळं भांडण, पण मुदत मोजायची कुठून हे त्या एका मेलच्या शब्दावर ठरतं आणि माझ्या यादीत तो शब्दच नव्हता, मी माझ्या शब्दात "तक्रार" लिहून मोकळा झालो होतो. वकिलांनी पहिल्याच मिनिटाला विचारलं, मेलमध्ये नेमकं काय लिहिलंय.

म्हणून दुसऱ्यांदा मुद्देवार केलं. एक मेल म्हणजे एक ओळ नाही, एक म्हणणं म्हणजे एक ओळ. एका मेलमध्ये तीन गोष्टी असल्या की तीन ओळी होतात. प्रत्येक ओळीला तारीख, कोण, त्याचेच शब्द, हे दावा आहे की कबुली की वायदा, वायद्याला अट काय, कधीपर्यंत, आणि झालं का. 18 जूनचा मेल बघा. तारखेच्या यादीत मी लिहिलेलं: "महिनाअखेर पेमेंट करतो म्हणाले." तक्त्यात तेच असं झालं, त्यातलं जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची त्यांच्याकडची नोंद:

18 जून, गिऱ्हाईक, "विल क्लिअर बाय मंथ एंड, सब्जेक्ट टू जीआरएन", वायदा, अट: जीआरएन क्लिअर होणं, मुदत 30 जून, झालं: 2 लाख आले, बाकी नाही.

अट सुटली की वायदा पक्का दिसतो, आणि मग आपण फोनवर "तुम्ही लिहून दिलंय" म्हणतो तेव्हा समोरचा तोच मेल दाखवून आपल्यालाच खोटं पाडतो.

24 जूनची ओळ पण तशीच. त्यांनी 60 पीसची डेबिट नोट पाठवली, 39,000 अधिक 7,020 आयजीएसटी, एकूण 46,020. यादीत ती घडलेली गोष्ट वाटते, जणू रक्कम कमी झालीच. पण जीएसटीत टॅक्ससकट रक्कम कमी करायची क्रेडिट नोट सप्लायर काढतो, आणि आम्ही ती काढली नव्हती, म्हणून तक्त्यात मी तिच्यापुढं फक्त "दावा" लिहिलं. एवढ्यावरच मग शेवटच्या रकमा मांडता आल्या. बाकी 1,06,800, त्यातले 46,020 वादात, म्हणजे 60,780 रुपयांवर त्यांचं काहीच म्हणणं नाही. त्यांचा सगळा दावा मान्य केला तरी ते आमचे. हे 43 मेलमध्ये एकदाही कुणी लिहिलं नव्हतं, त्यांनी नाही आणि आम्ही पण नाही, सगळे 60 पीसवरच भांडत बसलेले. मी त्या 60,780 ची वेगळी मागणी केली आणि तिथूनच गोष्ट हलली.

आपल्या बाजूचे वायदे पण तक्त्यात घालायचे, न चुकता. 5 जूनला आमच्याच माणसानं लिहिलेलं, 60 पीस पाठवून द्या, बघून बदलून देतो. पीस आलेच नाहीत, पण वायदा आमचा आहे आणि पहिल्या यादीत मी तो गाळला होता, नको वाटलं म्हणून. समोरच्याकडे तोच मेल आहे की, त्याच्याकडून समजण्यापेक्षा आपल्या पानावर असलेला बरा. गप्प बसणं म्हणजे मान्य, असं मात्र कुठंच लिहू नका. उत्तर आलं नाही तर "उत्तर नाही" एवढंच.

तक्त्याला मला साधारण सहा तास लागले, दोन दिवसात. निम्मा वेळ गेला मेल गोळा करण्यात. कुणीतरी विषय बदलून डेबिट नोट लिहिलेलं, त्यामुळं ते सहा मेल जीमेलमध्ये वेगळ्या साखळीत गेले (विषय बदलला किंवा 100 मेलच्या वर गेलं की जीमेल साखळी तोडतं), आणि शेवटच्या मेलच्या खाली चिकटलेलं जुनं लिखाण वाचून मी आधी समजलेलो की सगळं वाचलं. रिप्लाय केला की अटॅचमेंट पण पुढं जात नाही, त्यांचा मापाचा रिपोर्ट एकाच मेलला होता, तो सापडला तेव्हा कळलं की तो 24 जूनचा, म्हणजे रिजेक्शन आधी आणि मोजमाप नंतर. म्हणून कुठलीही पद्धत घ्या, पण विषयानं शोधू नका, त्या गिऱ्हाइकाच्या पत्त्यांनी आणि बिल नंबरानं शोधा, आणि प्रत्येक मेलला आपला नंबर द्या, म्हणजे तक्त्यातल्या ओळीवरून मूळ मेल लगेच निघतो.

मग निवडायचं कसं? भांडण एका रकमेचं आहे आणि फक्त आपल्या माणसांना समजून घ्यायचंय, तर यादी. बिलात दोन-तीन मुद्दे अडकलेत, थोडे पैसे येऊन थोडे राहिलेत, किंवा कागद वकिलाकडे नाहीतर अडकलेल्या पेमेंटच्या सरकारी तक्रार पोर्टलवर जाणार असेल, तर तक्ताच. दोन्हीच्या मध्ये असेल तर आधी यादी करा आणि ज्या ओळीत "करतो", "बघतो", "मान्य" असा शब्द येतो तेवढ्याच ओळी मूळ शब्दासकट तक्त्यात घ्या. आमच्या 43 मेलमधल्या अशा ओळी 14 निघाल्या, आणि अण्णांनी पुण्याला जाताना तेवढंच एक पान नेलं.